हात हलल्याशिवाय

राहात्याच्या स्टँडासमोर गोरक्षनाथची घड्याळ दुरुस्तीची टपरी होती. डोळ्याला भिंग, आणि जिभेला कधी सुट्टी नाही. गिऱ्हाइकाला चिमटा काढल्याबिगर त्याचा पेच फिरत नसे.

एका बाजारच्या दिवशी भागूबाई नवऱ्याचं, सहादेवचं, ऑटोमॅटिक घड्याळ घेऊन तिसऱ्यांदा आली. घरी ते दुसऱ्या दिवशी बंद पडायचं, पिशवीत घालून इथं आणलं की चालू. तबकडीवर एकवीस ज्वेल, म्हणजे माणकं, असं लिहिलेलं. कुणीतरी तिच्या कानात भरवलं होतं, की टपरीवाल्यानं माणकं काढली असतील.

"दादा, आमची माणकं दावा," ती म्हणाली.

गोरक्षनाथनं झाकण उघडून भिंग तिच्या हाती दिलं. लाल ठिपके दिसत होते, काही खाली दडलेले. ते कारखान्यात केलेले खडे, त्यानं सांगितलं, विकायला गेलं तर कुणी हुंगणारही नाही. खडा कठीण आणि गुळगुळीत. त्याच्या भोकात चाकाचं टोक फिरतं, म्हणून झीज होत नाही. मग त्यानं टिकटिक दाखवली. कमानीचा, म्हणजे आतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगचा, जोर चाकांना एकदम पळवायला बघतो. पण वाटेत एस्केपमेंट बसलेलं. झोके घेणारं चाक एका दुबेळक्याला हलवतं, ते दुबेळकं चाकाचा एकेक दात अडवतं नि सोडतं. "बाजारच्या फाटकावरचा शिपाई बघा, एकेकाला आत सोडतो," म्हणत त्यानं शिपायाचा घोगरा आवाजही काढला. भागूबाईला हसू आलं.

शेवटी त्यानं अर्धचंद्रासारखं लोखंडी वजन बोटानं फिरवलं. हा रोटर. मनगट हललं की हा गरागरा फिरतो नि कमान भरतो. मनगट पडून राहिलं, तर भरलेली कमान दीडेक दिवसात रिती.

"घड्याळ ठणठणीत हाय, आक्का. मालकच आळशी हाय. हात हलवा म्हनावं."

भागूबाईनं भिंग हळूच ठेवलं. दिवाळीत लकव्यानं सहादेवची डावी बाजू गेली होती. घड्याळ त्याच हातावर बांधलेलं. रात्री तू झोपलीस की हात हलतो, असं तो रोज सांगायचा.

"मंग हलत न्हाई म्हना," ती एवढंच बोलली.

गोरक्षनाथला उमगलं. तेल वाळलंय म्हणून बंद पडतं, असं एक खोटं वाक्य त्याच्या तोंडात यायला हवं होतं. आयुष्यभर भलभलतं बोललेली जीभ नेमकी तेव्हा टाळूला चिकटली. चावी देऊनही चालेल, असं तो कसंबसं म्हणाला. ती मान हलवून निघून गेली.

दोन आठवड्यांनी ती भाजीच्या पाटीपाशी दिसली. बांगड्यांच्या वर, पदराआड, तेच घड्याळ. दिवसभर ती ते अंगावर हिंडवायची, सांजच्याला सहादेवच्या मनगटावर बांधायची.

"चालतंय, दादा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "ते म्हनत्यात, हात सुधारतोय."

पुढं ऑटोमॅटिक घड्याळ आलं, की गोरक्षनाथ आधी विचारी, घालणाराची तब्येत कशी हाय.