निसटणारी पीन

बाईमाणसाने घड्याळ दुरुस्त करू नये, असं कुठं लिहून ठेवलंय का? मी आण्णांना हे तोंडावर विचारलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या बाजूला त्यांचा घड्याळदुरुस्तीचा छोटासा गाळा. हाताला कंप सुटला आणि नजर मंदावली तशी मी त्यांच्यासोबत बसायला लागले. पण बसायचं कुठं? बाजूच्या स्टुलावर. सेल बदलायचे, काच पुसायची, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं. दुरुस्तीचं टेबल आणि त्यामागची खुर्ची आण्णांची.

त्यात काकांचा डोळा गाळ्यावर. मोबाइलची कव्हरं विकायला त्यांना जागा पाहिजे होती. "भाऊ, तुमच्यानं आता होत नाय आन् पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. कशाला अडवून ठेवता?" हे ते मी समोर असताना बोलायचे. मी काय तिथं फडताळ होते का? पण आण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला काकांपेक्षा जास्त राग यायचा.

त्या दिवशी काका टेपच घेऊन आले. काउंटर किती लांब बसेल ते बघू म्हणे. ते एक टोक भिंतीला लावत होते, तेवढ्यात शेंद्र्याकडच्या खेड्यातले एक बाबा दारात उभे राहिले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. घरी मेंढरं होती. मुलगा लांबच्या एका कंपनीत लागला होता आणि पहिल्या पगारातून त्याने बाबांना स्टीलचं घड्याळ घेतलं होतं.

"आण्णा, पुन्हा पडलं बगा," बाबांनी रुमालातून घड्याळ काढलं. पट्टा एका बाजूने लोंबत होता. "तुमी पीन बदलली, आठ दिस बी टिकली नाय. आता लेंढ्या गोळा करताना पडलं. नशीब मेंढरानं पाय नाय दिला."

पट्टा आणि घड्याळ यांच्यामध्ये एक बारीक पोकळ नळी असते. आत स्प्रिंग, दोन्ही बाजूंना दबणारी टोकं. ती टोकं घड्याळाच्या कडेला पुढे आलेल्या दोन कानांच्या आतल्या भोकांत बसली की पट्टा धरून राहतो. लोक तिला पट्ट्याची पीन म्हणतात. घड्याळाचं यंत्र कितीही भारी असू द्या, ते हातावर टिकतं या पिनेवर.

आण्णांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "पीन बारीक पडतीय. जाड टोकाची टाकू."

"कसली बी टाका," बाबा म्हणाले, "पर ओरखडा नगं. पोरगं सुट्टीला आलं की आधी घड्याळ बघतंय. हातात दिसलं नाय तर त्येला वाटतं, बापाला आवडलं नाय. आता काय सांगू त्येला?"

मी घड्याळ आण्णांच्या हातातून घेतलं. विचारलं नाही, घेतलंच. नवी पीन एका भोकात टेकवून बघितली. टोक खोलवर गेलं. दुसऱ्या भोकात टेकवली, तर अर्ध्यातच थांबलं. डोळ्याला भिंग लावलं आणि मला हसूच आलं. जुन्या पिनेचं मोडकं टोक त्या भोकात तसंच रुतून बसलं होतं, घामाने आणि मातीने काळं पडलेलं. जी नवी पीन येईल ती त्याच्यावर नुसती टेकायची. टक् असा आवाज यायचा, बसल्यासारखी वाटायची आणि हाताला झटका बसला की सुटायची.

"पीन जाड टाकून उपयोग नाही," मी म्हटलं. "भोकात मोडकं टोक आहे. मागच्या वेळी आण्णांनी भोक बघितलं नाही."

काकांना आयतंच मिळालं. टेप तशीच हातात धरून ते फिरले. "अगं, गिऱ्हाइकासमोर बापाची लाज काढतीस व्हय?"

"हो, काढते! बाबांचं घड्याळ पडतंय ते चालतं, आणि खरं बोललेलं चालत नाही? वा रे न्याय!"

"बघा भाऊ, जिभेला हाड हाये का हिच्या! आन् आता त्या भोकात सुई खुपसणार. एक ओरखडा पडला की बाबा हितंच बोंबलत्याल."

आण्णांनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, आता ते घड्याळ परत मागतील आणि संपलं सगळं, उद्या इथं कव्हरं लटकतील. पण हात मागे घ्यायचा नाही असं मी ठरवलं. मागितलं तर मागोत, देतंय कोण!

मऊ कापड चौपदरी केलं आणि काच खाली करून घड्याळ त्यावर पालथं ठेवलं. पीन काढताना-घालताना हत्यार नेमकं कानाच्या आतल्या अंगावरच घसरतं, म्हणून दोन्ही कानांना आतून-बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. भोकापुरती जागा सोडली. भोकं आरपार नव्हती, नाहीतर बाहेरून ढकलून काम झालं असतं. तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावरून आत सोडला आणि थांबले. काकांनी घसा खाकरला. मी वर बघितलं नाही.

मग बारीक सुईने भोकाच्या कडेकडेने हळूच हलवत राहिले. जोर लावायचा नसतो, जोर लावला की सुई सटकते आणि ओरखडा पडतोच. बराच वेळ काही हलेना. मनात म्हटलं, ये गं बाई, आज तरी माझी इज्जत राख. आणि ते टोक गरकन फिरलं. चिमट्याने धरून बाहेर काढलं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंसं?" बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. "ह्येच्यापायी घड्याळ लोंबत व्हतं?"

दोन कानांमधलं अंतर मोजून तेवढीच पीन निवडली. पट्ट्यातून ओवली, एक टोक समोरच्या भोकात घातलं. दुसरं टोक दोन दातांच्या हत्याराने दाबलं, जोर पट्ट्याकडे ठेवून, बॉडीकडे नाही. दाबलेलं टोक कानाच्या आतून सरकवत नेलं आणि या वेळी आवाजच वेगळा आला, खोल. पट्टा दोन्ही बाजूंनी ओढला. कापडावर धरून झटका दिला. पीन हलली नाही. चिकटपट्ट्या सोलून घड्याळ बाबांना दिलं.

बाबांनी ते दारात उन्हात नेऊन तिरपं करून बघितलं, मग सरळ करून बघितलं, मग घोंगडीच्या टोकाने पुसून पुन्हा बघितलं. "काय बी नाय लागल्यालं," ते म्हणाले. हातात घालून त्यांनी मनगट असं जोरात झटकलं की मीच दचकले. "आता पोराला फोन करून सांगतो."

ते गेले. गाळ्यात आम्ही तिघंच राहिलो. काकांनी टेप पुन्हा भिंतीला लावली, जणू मधलं काही झालंच नाही. "भाऊ, साडेसहा फूट बसतंय बगा आरामात."

"टेप गुंडाळ," आण्णा म्हणाले.

"आं?"

"गुंडाळ म्हनलं. जागा रिकामी नाय."

टेबलाला हात टेकून आण्णा खुर्चीतून उठले. कंप सुटलेल्या हाताने त्यांनी स्टूल स्वतःकडे ओढलं आणि त्यावर बसले. "इथं बस," खुर्चीकडे बघून मला म्हणाले. "उजेड इकडं चांगला पडतो."

मी बसले. मानासाठी एकदा नको म्हणायची रीत असते, ती मी आण्णांसाठीसुद्धा पाळली नाही.