सासूच्या वाढदिवसाची पाकिटं

त्या इमारतीच्या जिन्यात ही गोष्ट आधी दबक्या आवाजात आणि मग उघड उघड फिरली. सुईताईने म्हणे सासूच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला आलेली पाकिटं ढापली. तीही भल्या सकाळी, घर झोपेत असताना, रक्ताच्या बाटल्या ठेवायच्या थंड डब्यात घालून. डब्याचं ऐकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने हातातली पिशवी खाली ठेवली आणि नीट उभी राहिली. असा तपशील असला की खोटंही खरं वाटतं. आणि डब्याचा तपशील तर चक्क खरा होता.

सुईताई प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्त काढायची. हात इतका हलका की पोरं रडायची विसरत. आपल्या घरात मात्र तिची सुई चालत नसे. तिथे कोणाची शीरच सापडायची नाही.

घरातलं दुखणं होतं सासूच्या दातांचं. खालची कवळी सैल झाली होती. बोलताना खटखटे, खाताना निसटे. अख्ख्या इमारतीच्या बातम्या जिच्या तोंडून सुटायच्या, ती बाई आता ओट्याकडे तोंड करून, सगळ्यांना पाठमोरी बसून चहात पाव बुडवून खायची. दातांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की जबड्याचं हाड झिजत चाललंय. आत दोन खुंट्या बसवू आणि त्यांवर कवळी अडकवू. पण लवकर या, हाड उरलं नाही तर खुंटी ठोकणार कशात? मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि नवऱ्याने छताकडे पाहिलं.

पगारातून ते होणार नव्हतं. पगार यायचा आणि भाडं, फी, किराणा त्याला दारातच गाठायचे. पण सुईताईला राग पगाराचा नव्हता. राग होता पगाराबाहेरून आलेल्या पैशांचा, कारण ते याच घरात येत होते आणि कुठे जात होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा एका कारखान्यात पगारपत्रकं करायचा. दुसऱ्यांना विम्याच्या पावत्या वेळेत द्या म्हणून रोज दटावायचा आणि स्वतःच्या द्यायला विसरायचा. मग त्याचा कर जास्त कापला जायचा, विवरणपत्र भरल्यावर परत यायचा, आणि परतावा आला की स्वारी लॉटरी लागल्यासारखी घरभर फिरायची. आदल्या वर्षीचा परतावा घरखर्चाच्या खात्यात जमा झाला होता. दोन महिन्यांत खातं होतं तिथेच. मोठी वस्तू एकही घेतली नाही. नुसतं बाहेर जेवण, रिक्षा, कोणाच्या तरी चपला, पडदे. सुईताईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, असेच आलेले पैसे होते."

"असेच?" ती म्हणाली. "अहो, तुमच्याच पगारातून कापलेले होते ते. वर्षभर त्यांच्यावाचून जगलो ना आपण? मग आल्यावर एकदम कसली भूक लागली?"

त्यावर त्याने पेपर वाचायला घेतला. वर्तमानपत्र हे नवऱ्यांच्या हातातलं सर्वांत जुनं हत्यार आहे.

यंदा मात्र तिने त्याचा पिच्छा पुरवला. त्याच्याच नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडायला लावलं, कार्ड घेऊ दिलं नाही, आणि विवरणपत्रात परताव्यासाठी तेच खातं लिहायला लावलं. तो कुरकुरला, की स्वतःचे पैसे काढायला मी बसने जायचं का? ती म्हणाली, हो, त्यासाठीच ते खातं आहे. परतावा आला आणि तिथेच पडून राहिला. आठवड्याला एकदा तो सुस्कारा टाकायचा, पण बस काही पकडायचा नाही.

तिच्या प्रवासखर्चाची गोष्ट अशीच. स्कूटरचं पेट्रोल ती दर महिन्याला पगारातून भरायची, आणि प्रयोगशाळा बिलं पाहून तीन महिन्यांनी पैसे द्यायची. ते आले की नणंदेचा फोन यायचाच. तिला वास यायचा म्हणा ना. वहिनी, तुला जास्तीचे मिळालेत, तर जरा सेल बघून येऊ. जास्तीचे कसले, पेट्रोल कधीच जळून गेलं होतं आणि त्याचा चिमटा महिन्याच्या महिन्याला बसून गेला होता. यंदा त्यातून तिने आधी मेकॅनिकची उधारी फेडली आणि उरलेली रक्कम परताव्याच्या शेजारी नेऊन ठेवली. तरी दातांना थोडे कमीच पडत होते.

तेवढ्यात वाढदिवस आला. भाड्याचा हॉल, केक, भाषणं, आणि पाकिटं. सासूने हसायचं म्हणून तोंडावर रुमाल धरला तो शेवटपर्यंत.

घरी आल्यावर पाकिटं पलंगावर ओतली गेली आणि घराला कंठ फुटला. नवऱ्याला फ्रीज दिसू लागला. नणंदेने आपलं वॉशिंग मशीन किती आवाज करतं त्याची नक्कल करून दाखवली. नातवाला मोबाईल. मामेसासरे म्हणाले, असे पैसे साठवू नयेत, सगळ्यांनी मिळून कुठेतरी फिरून यावं. आणि सासू, जिच्या नावाने ही पाकिटं आली होती, ती प्रत्येकाला मान डोलवत होती. घे गं. घेऊ या रे. सुईताई दाताच्या डॉक्टरचं नाव काढू लागली, तर नणंद म्हणाली, "वहिनी, आनंदाच्या दिवशी दवाखाना कशाला आणतेस मध्ये?"

सुईताई भांडी घासायला निघून गेली. त्या दिवशी एका कपाचा कान तुटला.

सकाळी ती डब्यात बर्फाच्या पिशव्या भरत होती, तेव्हा सासू पाकिटांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ती तिने ओट्यावर ठेवली.

"घेऊन जा हे. संध्याकाळपर्यंत राहिलं तर मी वाटून टाकीन."

"मग नाही म्हणा ना, आई. तुमचेच पैसे आहेत."

"पोटच्या पोरीला नाही म्हणायला मला जमलं असतं, तर तुझ्याकडे कशाला आले असते?" सासू म्हणाली. "तुला जमतं. तू वाईटच आहेस सगळ्यांना."

हे कौतुक सुईताईने पदरात घेतलं. तिने पिशवी डब्यात टाकली, पहिली दोन घरं उरकली आणि बँक उघडताच पैसे सासूच्या नावाच्या खात्यात भरले. पावती आणून सासूच्या उशीखाली ठेवली. दुपारी नणंद वॉशिंग मशीनचं माप घेऊन आली आणि पलंग रिकामा पाहून तिथेच बसली.

त्यानंतर जिन्यातले लोक सुईताईला बघून गप्प होऊ लागले. शिक्षिकेने तर रक्त द्यायला दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. नवरा दोन दिवस फुगला आणि तिसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, परताव्याच्या खात्यातले पैसे आईच्या खात्यात वळते करून आला. बसने गेला होता. घरातलं कोणीच तिची बाजू घेऊन बोलत नव्हतं, आणि सासू तर मुळीच नाही. सुईताई दात-ओठ खात रक्त काढत राहिली.

खुंट्या बसल्या, काही महिन्यांनी कवळीही बसली. सासू टेबलाशी सगळ्यांकडे तोंड करून जेवली. नणंदेच्या ताटातली काकडीही तिने उचलली आणि कडकडा चावली. मग तोंड पुसून, डब्याची ती गोष्ट कोणी उठवली, हे तिने सुनेला सांगितलं.

पाकिटं सुनेने चोरली नव्हती. सासूने ती स्वतःच्या हाताने दिली होती, आणि लेकीला नाही म्हणावं लागू नये म्हणून चोरीची गोष्टही सासूनेच जिन्यात सोडली होती.