दिवा थरथरतोय

फुजी नदी ओलांडली की वीज बदलते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पश्चिमेकडे वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, पूर्वेकडे पन्नास. आजा-पणजांच्या काळात एकानं जर्मनीहून यंत्रं आणली, दुसऱ्यानं अमेरिकेहून, आणि ती तेव्हाची तेढ अजून प्रत्येकाच्या भिंतीत बसलेली आहे. यासुमिची उसामीच्या आयुष्यात ही नदी दोनदा आडवी आली. पहिल्यांदा आली ती नुसत्या थट्टेपुरती.

तो मूळचा नागोयाचा, म्हणजे साठवाला. लग्नांचे व्हिडिओ काढायचा. फुसाए उसामीशी त्याचं जमलं, पण उसामींना ती एकुलती एक, म्हणून हा आपलं आडनाव सोडून नदीच्या पूर्वेला घरजावई झाला. सासऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि जीभ त्याहून झटका देणारी. यासुमिचीनं हौसेनं आणलेला रेकॉर्ड प्लेअर इथल्या विजेवर मंद फिरायला लागला, तेव्हा म्हातारा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला, "जावईबापू, नागोयाच्या बायका गातात की माहेर सोडताना रडतात हो?"

मग आलं इथलं पहिलं लग्नाचं काम. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये काढलेल्या त्या व्हिडिओत नवरीचा पांढरा किमोनो सारखा उजळत-विझत होता आणि अंगावरून काळपट पट्टे सरकत होते. म्हातारा टीव्हीसमोर मांडी घालून म्हणाला, "व्वा! काय उजेड पाडलात!"

चूक साधीच होती, आणि नदीपलीकडून आलेला माणूसच ती करू शकतो. पन्नासच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्रासाठी शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपण ठरवतो. पश्चिमेत सेकंदाचा साठावा भाग ठेवला की गणित जुळतं. पूर्वेत शंभरावा ठेवावा, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेडाचा एक पुरता हेलकावा मिळतो. इथे साठाव्यावर काढलंत तर एका चित्राला उजेड जास्त, दुसऱ्याला कमी. शिवाय कॅमेरा चित्र वरून खाली वाचत जातो, म्हणून ही कमीजास्ती आडव्या पट्ट्यांत दिसते.

तेव्हापासून घरात एक शब्दप्रयोग रुजला. यासुमिची पलीकडचं काम आटोपून आला, दारात वाकून बूट काढायला लागला, की स्वयंपाकघरातून फुसाए ओरडायची, "अहो, नदी उतरवलीत का?"

म्हणजे शटर साठावरून शंभरावर आणलंत का. तो "उतरवली, उतरवली" म्हणायचा आणि बहुतेक वेळा मग उतरवायचा.

लग्नं कमी झाली, गावात म्हातारे उरले. यासुमिची अंत्यविधीच्या हॉलसाठी आठवणींच्या फिल्म करू लागला. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी मेलेल्याशेजारी जागरण होतं, तेव्हा पडद्यावर दाखवायच्या, चार-पाच मिनिटांच्या. लोक जिवंतपणी एकमेकांना धड बघत नाहीत, चित्रित कुठून करणार? मग माणूस गेलं की फोन चाळून काहीबाही घेऊन येतात. इस्पितळातला वाढदिवस, स्वयंपाकघरातलं हसणं, सगळं ट्यूबखाली आणि सगळं पट्ट्यांचं. ते पट्टे काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "मेलेल्याच्या तोंडावर पट्टे शोभत नाहीत," असं तो म्हणायचा.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की बायकोचं त्याच्याकडे एकच हलतं चित्र होतं. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षीच्या शरदातलं. नदीपलीकडे हामामात्सुला शाळेच्या बँडचं चित्रण करून तो परतला आणि कॅमेऱ्याची नवी बॅटरी कशी टिकते ते बघायला त्यानं सहज स्वयंपाकघरात कॅमेरा ओट्यावर ठेवून चालू केला. तेवढंच.

पुढच्या वसंतात तिच्या हातून वाडगे पडू लागले. पावसाळ्यात ती जिन्यात कोसळली. मेंदूच्या मागच्या भागात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "काही धरायला जाताना हात थरथरतात, ते कधीपासून?"

"या वसंतापासून," यासुमिची छातीठोकपणे म्हणाला.

"सहा-आठ महिने आधी आला असतात, तर पुरती काढता आली असती."

फुसाएनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. त्याला वाटलं, घाबरली असेल. नऊ महिने काढले तिनं, फार वाईट महिने, आणि या मार्चमध्ये गेली.

आतल्या खोलीत तिला निजवलं होतं, छातीशी बर्फ ठेवून. उदबत्ती विझू द्यायची नाही म्हणून मुलगी चिगुसा शेजारी बसून होती. सेंदाईहून रात्रीची गाडी पकडून आली होती बिचारी. उद्या जागरण. तिनं बापाजवळ एकच मागितलं.

"बाबा, बाकी फोटो चालतील. पण आईचा आवाज असलेलं काहीतरी हवं. माझ्याकडे तिचे नुसते मेसेज आहेत, 'जेवलीस का' एवढेच."

"आहे एक," तो म्हणाला. "साफ करतो."

दुपारी तो कामाला बसला. आवाज बंदच ठेवला. तो आवाज आत्ता ऐकला तर काम होणार नाही, हे त्याला माहीत होतं. पडद्यावर स्वयंपाकघर लुकलुकत होतं. कपाटावरून पट्टे हळूहळू सरकत होते, फुसाएचा चेहरा पिवळट होऊन पुन्हा उजळत होता. म्हणजे त्या दिवशी नदी उतरवलीच नव्हती. त्यानं स्वतःला एक शिवी दिली.

पट्टे काढायची सोपी रीत अशी, की लागोपाठची तीन चित्रं एकमेकांत मिसळायची. तिसाच्या वेगाला पन्नासच्या विजेखाली दर तिसऱ्या चित्राला जवळपास तोच पट्टा परत येतो, त्यामुळे तिन्हींचा उजेड सारखा होतो. त्यानं मिसळली. भिंत शांत झाली, कपाट शांत झालं, फुसाएचा चेहराही. पण हलतं ते सगळं तिहेरी उमटतं, हा त्या रीतीचा दोष. ती कपाकडे हात नेत होती आणि तिथे हाताऐवजी नुसता धूर दिसत होता. लोकांच्या आया-बायकांना त्यानं असे धुराचे हात कितीदा दिले होते, कोणी तक्रार केली नव्हती. पण आपल्या बायकोच्या हाताचा धूर त्याला बघवेना.

मग त्यानं अवघड रीत धरली. तिच्या मागची भिंत तर हलत नाही. त्या भिंतीवरून प्रत्येक चित्रात कुठल्या ओळीला उजेड किती कमी पडला ते मोजायचं आणि त्या ओळीला तेवढाच परत द्यायचा. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा, कारण ट्यूब मंदावताना पिवळी पडते. पट्टे सरकतात, म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं. यात चित्र चित्रात मिसळत नाही. जे जिथे होतं ते तिथेच राहतं.

संध्याकाळ व्हायच्या आत झालं. स्वयंपाकघर उन्हात ठेवल्यासारखं निवांत उभं होतं. भिंत स्थिर, कपाट स्थिर. फुसाएचा हात कपाकडे निघाला, आणि कपाजवळ जाता जाता थरथरायला लागला.

त्यानं मागे नेऊन पुन्हा पाहिलं. वाटलं, हिशेब चुकला, थोडी लुकलुक उरली. भिंत तपासली. तिच्या बाहीचा रंग तपासला. कुठेच काही उरलं नव्हतं. हात मात्र थरथरत होता, कप जवळ येईल तसा जास्त. मग त्यानं आवाज चालू केला.

"अहो, बघा ना," फुसाए म्हणत होती. "माझा हात थरथरतोय. काल शिवतानाही असंच झालं. दाखवून येऊ का कुणाला?"

आणि कॅमेऱ्यामागून त्याचाच हसरा आवाज. तो छोट्या पडद्यात बघत असणार, पट्ट्यांच्या त्या नाचात.

"अगं, हात कसला? दिवा थरथरतोय! नदी उतरवायची राहिली, दुसरं काय. इथे भिंतसुद्धा थरथरतेय, तिलाही डॉक्टरकडे नेतेस का?"

"चला, काहीतरीच!" ती हसली. "मला उगाच भीती वाटली."

यासुमिची खुर्चीत तसाच बसला. डॉक्टरांच्या खोलीत तिनं त्याच्याकडे का पाहिलं आणि मग खिडकीकडे का, ते आत्ता त्याला कळलं. तिला आठवलं होतं. त्याला आठवू नये म्हणून ती शेवटपर्यंत गप्प राहिली. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण शेजारच्या खोलीत मुलगी होती.

एक वाट अजून उघडी होती, आणि ती त्याला दिसली नाही असं नाही. मूळ चित्रण आहे तसंच द्यायचं. त्यात भिंत थरथरते, कपाट थरथरतं, मग हाताचं कोण बघतो? जन्मभर लोकांची लुकलुक पुसणारा माणूस स्वतःची तेवढी ठेवून देणार. पोरीला आईचा आवाज मिळेल, हसणं मिळेल, बापाचा विनोद मिळेल. त्यानं ती फाइल उघडलीसुद्धा. पट्टे सरकू लागले आणि खरंच, हात बेमालूम लपला.

"झालं का?" चिगुसा दारात उभी होती. तिच्या कपड्यांना उदबत्तीचा वास होता.

त्यानं क्षणभर दोन्ही फाइलींकडे पाहिलं. मग साफ केलेली लावली.

आईचा आवाज आला तशी चिगुसानं तोंडावर हात धरला. ती हसली, रडली, पुन्हा हसली. भिंतीला डॉक्टरकडे न्यायच्या विनोदालाही हसली. मग चित्रण संपलं आणि ती म्हणाली, "पुन्हा एकदा लावा." दुसऱ्यांदा ती हसली नाही. पडद्याच्या जवळ सरकली.

"बाबा, पण दिवा तर स्थिर आहे."

"हो."

"मग तुम्ही असं का म्हणालात?"

"तेव्हा थरथरत होता. तो मी आत्ता काढला." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "काढल्यावर हात उरला."

बापाच्या खांद्यावर चिगुसानं हात ठेवला नाही, आणि त्यानंही तशी अपेक्षा केली नाही.

"आईला ठाऊक होतं?"

"होतं."

ती उठली. उदबत्ती संपत आली असेल म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यानं तीच फिल्म लावली, आवाजासकट. "दिवा थरथरतोय" ऐकून पहिल्या रांगेतल्या जुन्या शेजारणी हसल्या. या घरची नदीची थट्टा त्यांना ठाऊक होती. मग एकेकीचं हसू थांबलं, कारण समोरच्या स्वच्छ, शांत उजेडात फुसाएचा हात कपापर्यंत पोचत नव्हता. यासुमिची पडद्याशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करत होता. चिगुसा दुसऱ्या बाजूला उभी होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

घरी आल्यावर तो दारात वाकून बूट काढू लागला. चिगुसा आधीच आत गेली होती. स्वयंपाकघरात दिवा लागला. तो वाकलेलाच थांबला, पण कोणी काही विचारलं नाही.