लागलेली बासुंदी

सासरी परतायची पिशवी दारात भरून ठेवून माझी भाची सुशी बासुंदी ढवळत होती. दूध खालून लागलं, वास सुटला, तरी ही आपली साखर घालतीय, वेलची घालतीय.

"टाक गं ते."

"मावशे, दोन तास ढवळलंय!"

मला हसूच आलं. "नवऱ्याचंबी असंच का?"

"अकरा वर्षं काढली. आता सोडलं तर ती फुकट जातील ना?"

मीबी हेच म्हणायची. आमचे हे सुधारतील ही आशा कधीच मेलेली, पण जेवढी वर्षं सोसली तेवढा पाय जड. हे वारले, तरी वर्षं काही परत आली नाहीत.

"बाळे, गेलेली वर्षं तू राहिलीस तरी गेलेलीच. पुढची तेवढी तुझ्या हातात."

सुशीनं गॅस बंद केला. मग दारातली पिशवी उचलून आत ठेवली.