भात कुणासाठी ऊन केला?

माझं आयुष्य उपसंपादकीत गेलं. मजकुरात ‘कोण’ सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. बातमीला ही सवय उपयोगी पडते.

पनवेलमध्ये आमच्या इमारतीत एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काका राहतात, उरणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांची एक मराठी कविता वर्षदिनाच्या प्रार्थनेनंतर नातवंडांनी वाचावी, अशी काकांची इच्छा. नातवंडं इस्रायलात वाढलेली, मराठी न येणारी. इंग्रजी भाषांतराचं काम माझ्याकडे आलं.

कविता छोटी. शुक्रवारी मावळतीला दिवा लावला, दार उघडं ठेवलं, भात दोनदा ऊन केला, तू आला नाहीस. आता येशील तेव्हा गार खा. हा ‘तू’ कोण, ते कवितेत कुठेच नाही.

मी ठरवलं: शब्बाथचा, ज्यूंच्या पवित्र विश्रांतिदिवसाचा दिवा, उघडं दार, अर्थात परमेश्वर. पहिल्याच ओळीत ‘हे प्रभो’ घातलं. प्रभूला गार भात वाढणं बरं दिसेना, म्हणून ती ओळ सौम्य केली.

काकांनी खर्डा वाचला.

“प्रार्थना छान आहे हो. पण हिच्यातली चिडकी बाई कुठे गेली?”

“देवावरही चिडतात, काका. आपल्याकडे भक्त देवाला शिव्यासुद्धा घालतात.”

“घालतात ना! ही पण घालायची. पण देवासाठी तिने भात कधी दोनदा ऊन केला नाही. माझी शिफ्ट लांबली की करायची.”

पुरावा भक्कम वाटला. मी ‘प्रभो’ काढून ‘सख्या’ला साजेसा शब्द घातला, भात पुन्हा गार केला आणि विजयी मुद्रेने काकांच्या मुलीला फोन लावला.

“अंकल, मम्मी ही कविता दिवा लावल्यावर म्हणायची,” ती म्हणाली. “पप्पा तेव्हा समोरच बसलेले असायचे. निवृत्त झाल्यावरही म्हणायची.”

समोर बसलेल्या माणसाला ‘तू आला नाहीस’ कोण म्हणेल? कदाचित बायकोच म्हणेल. माझ्याकडे दोन विश्वसनीय सूत्रं होती आणि बातमी होत नव्हती.

तिसऱ्या खर्ड्यात मी संबोधनच ठेवलं नाही. ‘तू’ साधा, लहान अक्षरात. इंग्रजीत मोठं अक्षर दिलं की तो लगेच देव होतो. दिवा ठेवला, कारण तो काढला की उरतो फक्त उशिरा येणारा नवरा. भात ठेवला, कारण त्याच्याशिवाय नुसती उपासना उरते. खाली टीप लिहिली होती, चांगली लांब. ती खोडताना सर्वांत जड गेलं. तेवढीच माझी होती.

“म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नाही,” काका म्हणाले.

“नाही.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत.

“बरं केलंत. पोरं विचारतील, हा कोण? तेव्हा मी सांगेन.”

“काय सांगाल?”

“ते तुम्हाला कशाला?”