मलिकेची सुरंग कुठे जाते

"या सुरंगेतून घोडा कसा गेला, ते जरा दाखवाल का?" इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

ते कमरेत वाकून उभे होते. मीही वाकलेलोच होतो. छत टोपीला लागत होतं, दोन्ही कोपरं भिंतींना घासत होती. नुकतंच मी त्यांना सांगितलं होतं की किल्ला पडला त्या दिवशी मलिका घोड्यावर बसून इथूनच निघाली, मागे तिचे स्वार, आणि सगळे सात कोसांवर, हैदराबादच्या रस्त्यावरच्या दर्ग्यापाशी सुखरूप बाहेर पडले. ही गोष्ट मी दोन वर्षं सांगत होतो. घोड्याच्या उंचीचा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

मी म्हणालो, "पूर्वी उंची जास्त असेल."

"तळाला पाणी ओता," ते म्हणाले.

मी तांब्यातलं पाणी ओतलं. ते जरा थबकलं आणि सावकाश किल्ल्याच्या दिशेला सरकलं. कंदील भिंतीजवळ धरून साहेबांनी मला कुदळीचे वण बघायला लावले.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. आमचा किल्ला बीदरच्या पठाराच्या कडेला, लहानसा. कुठल्याही मोठ्या पुस्तकात त्याचं नाव नाही. कचेरीनं मला राखणीला ठेवलं होतं, आणि मराठी, कानडी, उर्दू तिन्ही येतात म्हणून आलेल्या पाहुण्यांना फिरवायचं कामही माझ्याकडेच आलं. किल्ल्याचे खरे गाइड इमामचाचा. त्यांचे वडील, आजोबा हीच गोष्ट सांगत आलेले. मला ती त्यांनीच शिकवली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं.

साहेब पाणीपुरवठ्याच्या कामावर हैदराबादहून आले होते. त्यांनी मला एक शब्द दिला, करेज. जमिनीखालून पाणी आणायची ही इराणी रीत. पठाराच्या उंच अंगाला एक खोल विहीर पाडायची. आमच्याकडे वर जांभा दगड आहे, त्याला भोकंच भोकं. पाऊस त्यातून झिरपतो आणि खालच्या पांढऱ्या चिकण मातीवर अडतो. विहीर त्या पाण्याला जाऊन लागली की तिथून गावापर्यंत किंवा किल्ल्यापर्यंत बोगदा न्यायचा. उतार इतका बेताचा की डोळ्याला कळू नये. मोट नको, बैल नकोत, पाणी आपल्या पायानं येतं. बोगदा खणतात मात्र उलटा, खालून वर. म्हणजे खणताना लागलेलं पाणी मागे वाहून जातं, खणणारा बुडत नाही. आणि वाटेत थोड्या थोड्या अंतरावर वरून उभी भोकं पाडतात. माती वर काढायला आणि हवा खाली जायला.

साहेब दुसऱ्या दिवशी गेले. मला मात्र झोप लागेना.

पुढचे कितीतरी रविवार मी त्या एकाच कामात घालवले. आत जाऊन वण बघितले. सगळे खालून वर, किल्ल्याकडून चढाच्या अंगाला मारलेले. म्हणजे पळून जाणाऱ्यांनी नाही, पाणी शोधत निघालेल्यांनी खणलेलं. भिंतीत दिवे ठेवायला कोनाडे होते, काजळी अजून बोटाला लागत होती. मग सुंभ घेऊन सुरंगेच्या तोंडापासून प्रत्येक उभ्या भोकापर्यंतचं अंतर मोजलं आणि तेच अंतर वर शेतांतून चाललो. शेतांत एका रेषेत मातीचे बुटके उंचवटे आहेत. गाव त्यांना मलिकेच्या स्वारांच्या कबरी म्हणतं. माझा सुंभ प्रत्येक वेळी कबरीपाशी येऊन संपत होता. त्या कबरी नव्हत्या. उभ्या भोकांतून काढलेली माती तोंडाभोवती टाकून झालेले ते ढीग होते. भोकांवर नंतर कुणीतरी फरशा घातल्या, वर माती पडली, पेरा झाला.

रेषेचा शेवट पाटलांच्या तुरीच्या शेतात होता. तिथे एक मोठा खळगा. मूळ विहीर, कधीच बुजलेली. तिच्यापुढे एकही उंचवटा नाही. दर्ग्याकडे तर रेषेचं तोंडही नव्हतं.

मला वाटलं, मी मोठं काम केलं. कचेरीतल्या पेशकारसाहेबांना सांगितलं. ते मान खाली घालून कागद चाळत राहिले. "लोक मलिकेसाठी येतात," ते म्हणाले. "नळ बघायला कोण येईल? तू आपलं सांगतोस तेच सांग."

चाचांना सांगणं जास्त अवघड होतं. त्यांना मी आत नेलं, पाणी ओतून दाखवलं, वण दाखवले. ते सगळं नीट बघत होते. बाहेर आल्यावर हौदाच्या काठावर बसले.

"शिवा, माझ्या बापानं मरताना ही गोष्ट माझ्या हवाली केली," ते म्हणाले. "तो झूट बोलला म्हणतोस?"

मी म्हणालो, त्यांना कुणी सांगितलं असेल तेच त्यांनी सांगितलं.

"तर मग झूट कोण बोललं?"

त्यानंतर आम्ही एकमेकांशी नीट वागत राहिलो, पण सुरंगेच्या तोंडाशी आलो की ते पुढे व्हायचे आणि मी मागे राहायचो.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधीची दोन वर्षं आमच्या बाजूची हिंदू माणसं भीतीत होती. कितीतरी घरं सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. सप्टेंबरात हैदराबाद संस्थान पडलं आणि भीतीनं घर बदललं. आता चाचांच्या गल्लीतली दारं बंद झाली. चाचांचा मुलगा हैदराबादला कामाला होता. घरात चाचा, सून रबिया आणि तिचा चार वर्षांचा मुलगा.

माझे अप्पा स्वतः जाऊन त्यांना आमच्या घरी घेऊन आले. कणगीच्या खोलीत अंथरूण घातलं. लिंगायताच्या घरात कुणी शोधायला येणार नाही असं आम्ही धरून चाललो. त्याच आठवड्यात भालकीकडून निरोप आला, माझी बहीण बाळंतपणात अडली होती. मी गेलो. निघताना चाचांना म्हणालो, इथंच राहा, मी येईस्तोवर बाहेर पडू नका. त्यांनी मान हलवली.

मी पहाटे परतलो तेव्हा माझी आई, अव्वा, उंबऱ्यात बसली होती. आदल्या दुपारी काठ्या-भाले घेतलेली माणसं गल्लीत फिरून गेली होती. आमच्या दारात थांबून त्यांनी अप्पांना दम दिला. संध्याकाळी पुन्हा येतो म्हणाले. आतल्या खोलीत चाचांनी ते ऐकलं.

"तुमच्या घराला डाग नको म्हनले," अव्वा म्हणाली. "पोराला कडेवर घेतलं नि मागच्या दारानं गेले. सुरंग दर्ग्याला निघते म्हनले. म्या अडवलं रे, न्हाई ऐकलं."

माणसं संध्याकाळी आलीच नव्हती.

मी कंदील घेऊन किल्ल्याकडे पळालो. आठवडाभर पाऊस होता. सुरंगेत तळाला गुडघाभर चिखल, त्यात दोघांची पावलं. तिसऱ्या भोकापुढे छत कोसळलं होतं. ओली पांढरी माती खाली बसली होती आणि वाट गच्च. पावलं त्या मातीखाली गेलेली. मी हाका मारल्या. माझाच आवाज परत आला.

आतून उकरण्यात अर्थ नव्हता, वरचं आणखी बसलं असतं. पण कोसळलेल्या जागेच्या पलीकडे चौथं भोक होतं, आणि ते कुठे आहे हे त्या अख्ख्या मुलखात मला एकट्याला माहीत होतं. पाटलांच्या तुरीत.

मी पाटलांकडे गेलो. ओसरीवर सात-आठ गडी बसले होते. मी सांगितलं, तुमच्या शेतात उकरायचं आहे, माणसं द्या.

"कुनासाटी?" पाटलांनी विचारलं.

"इमामचाचा हायेत आत. सून हाय, लेकरू हाय."

ओसरीवरचं कुणी वर बघेना. पाटील म्हणाले, "सुरंग दर्ग्याला निघते म्हनत्यात ना? पोचले असतील की. कामून जीव टाकायलास?"

"न्हाई निघत, पाटील. तुमच्याच शेतात संपती ती."

"हे तू म्हनतोस."

शेत उकरायला त्यांनी मनाई केली नाही. माणसं दिली नाहीत. मी, अप्पा आणि आमच्या गल्लीतला भीमा वडार, एवढे तिघं गेलो. सकाळी उकरायला लागलो तर फरशी लागायला दुपार कलली. पहारीनं ती सरकवली तेव्हा आतून कोंदट, गार हवा आली.

जुन्या विहिरीत उतरायचं असेल तर आधी दिवा उतरवतात. बंद जागेत वाईट हवा तळाशी साचते, ती दिसत नाही आणि वासही येत नाही. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. आम्ही दोरीला कंदील बांधून सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. भीमानं लिंबाचे डहाळे तोडून दोरीला जुडगा बांधला. तो आम्ही खालीवर, खालीवर करत राहिलो, म्हणजे खालची हवा ढवळून वर येते. मधून मधून घागरीनं पाणी ओतलं. पुन्हा कंदील, पुन्हा विझला. खाली कुणी कण्हत असल्यासारखं अप्पांना वाटलं. भीमानं मला दंडाला धरून ठेवलं होतं. "तू पडलास तर कोन काडील त्येनला?" तो म्हणत होता.

कंदील तळाला टेकून जळत राहिला तेव्हा मी उतरलो.

रबिया भोकाच्या अगदी खाली भिंतीला टेकून बसली होती. फरशीच्या फटीतून थोडी हवा येत असावी. ती जिवंत होती. मुलगा तिच्या मांडीवर होता, तो जिवंत नव्हता. चाचा बरेच पुढे सापडले, जिथे गाळानं बोगदा छतापर्यंत भरला आहे तिथे. त्यांनी हातांनी गाळ उकरला होता. हाताएवढं भगदाड पाडलं होतं. त्यांच्यापुढे अजून शंभर हात गाळ आणि मग बुजलेली विहीर होती. दोरीनं आधी रबियाला वर काढलं, मग त्या दोघांना.

दोन दिवसांनी रबिया अव्वाशी बोलली. आत जाताना चाचा तिला म्हणाले होते, शिवा म्हणतो वाट नाही. पोरगा हुशार आहे, पण माझा बाप झूट बोलणारा नव्हता. मग तिनं मला बोलावून घेतलं.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"त्यांना पटलं नाही?"

"न्हाई."

तिचा नवरा पुढच्या महिन्यात येऊन तिला घेऊन गेला. दोन कबरी आम्ही गावाबाहेर केल्या होत्या, त्या बघून तो गेला. परत कुणी आलं नाही.

पाटलांनी भोकावर फरशी घालून वर तूर पेरली. मी सुरंगेच्या तोंडाला काटे लावले आणि पाहुण्यांना करेजच सांगायला लागलो. लोक ऐकायचे आणि मग मलिकेचं विचारायचे. पेशकार बदलले, सरकार बदललं, माझ्या जागी दुसरा मुलगा आला.

निवृत्त झाल्यावर एकदा सहज किल्ल्यावर गेलो होतो. तो मुलगा एका सहलीला सुरंगेचं तोंड दाखवत होता. मलिका, घोडा, दर्गा, सगळं सांगून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाला, ही वाट खरी आहे, अठ्ठेचाळीस साली गावातला एक म्हातारा सून-नातवाला घेऊन इथून गेला आणि तिघंही सुखरूप हैदराबादला पोचले. हे त्याला पाटलांच्या घरातून कळलं होतं.

मी त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यानं नम्रपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या तुकडीला पुन्हा तेच सांगितलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढंच शिकलो. कुदळीचे वण, पाण्याचा उतार, सुंभाचं माप यांनी इतिहास सिद्ध होतो. पण चाचांना पळायला ती सुरंग उघडी हवी होती आणि पाटलांना रात्री झोप लागायला. दोघांनाही माझं माप नको होतं.