साडेबाराचा कॉल आणि माझी सही

त्या कागदावर माझ्या नावापुढे ‘कामात हलगर्जीपणा’ असं टाइप करून आणलं होतं. खाली सहीसाठी मोकळी जागा. आमच्या एचआरच्या मॅडमनी पेन उघडून हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, फॉर्मॅलिटी आहे. कर सही, संपव विषय.’’ मी पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. मी सरळ म्हटलं, ‘‘मॅडम, मी हलगर्जीपणा केलेला नाही. सही करणार नाही.’’

तेव्हा मी प्रोबेशनवर होते. कारेगावच्या कडेला औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना, तिथं मी क्वालिटीत. तळेगाव ढमढेऱ्याहून रोज कंपनीच्या बसनं शिक्रापूरमार्गे यायचं. कायम होण्याचं पत्र नोव्हेंबरात मिळायचं होतं. एकदा मुदत वाढली की आमच्याकडं दुसऱ्यांदा वाढवत नाहीत, सरळ घरी पाठवतात. म्हणजे त्या कागदावर माझी नोकरी टांगलेली होती. सही केली तरी डाग, नाही केली तरी मुदतवाढ.

झालं काय होतं ते सांगते. जर्मनीतली एक कंपनी आमच्याकडून पार्ट घ्यायची. दर मंगळवारी त्यांच्याबरोबर व्हिडिओ कॉल. मी टेबलावर पार्ट मांडायचे, मोजमाप दाखवायचे आणि पलीकडून त्यांच्या क्वालिटीच्या बाई प्रश्न विचारायच्या. त्या कॉलचं निमंत्रण त्यांनीच त्या उन्हाळ्यात तयार केलं होतं, दर आठवड्याला आपोआप येणारं. आमच्याकडं वेळ होती दुपारची साडेबारा.

ती वेळ आमच्या साहेबांनी भिंतीवरच्या बोर्डावर रंगवून घेतली होती. होय, ऑइलपेंटनं! आमच्या प्लँटचा हा रिवाजच होता. लोक ‘मेल बघितला न्हाई’ म्हणून सबबी सांगायचे, मोबाइल तर शॉप फ्लोअरवर नेताच येत नाही, गेटच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून साहेबांनी पेंटर बोलावला आणि सगळ्या मीटिंगांच्या वेळा पिवळ्यावर काळ्या अक्षरांत लिहून घेतल्या. वर ठणकावलं, ‘‘बोर्डावर आहे तीच वेळ. कॅलेंडर-बिलेंडर मला सांगायचं नाही.’’ एसटी स्टँडवरचं वेळापत्रकसुद्धा इतकं ठासून लिहिलेलं नसेल.

ऑक्टोबर संपता संपता तो मंगळवार आला. मी सव्वाबारालाच मीटिंग रूममध्ये पोचले. माझ्याबरोबर इन्स्पेक्शनचे मामा होते, वीस वर्षं मोजमापाचं गेज हातात धरलेला माणूस. पार्ट पुसून, ओळीनं मांडून ठेवले. नेहमीची लिंक उघडली. ‘आयोजकाची वाट बघा’ एवढंच पडद्यावर. पाच मिनिटं, दहा, वीस. मामा म्हणाले, ‘‘आज गोऱ्यांना सुट्टी हाय काय वं?’’ एक वाजला तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि आम्ही फ्लोअरवर गेलो, कारण तिथं मालाचा एक लॉट अडकला होता.

दीड वाजता त्या बाई कॉलवर आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे वरिष्ठही होते, त्या दिवशी मुद्दाम बसलेले. आमच्याकडून कुणीच नाही. पंधरा मिनिटं वाट बघून त्यांनी वरपर्यंत मेल टाकला. संध्याकाळी साहेबांनी अख्ख्या ऑफिससमोर मला विचारलं, ‘‘कुठं तोंड काळं केलं होतं?’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मधे पडले, ‘‘साहेब, आम्ही दोघं अर्धा-पाऊण तास बसलेलो, व्हय.’’ त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्याच संध्याकाळी एचआरच्या मॅडमनी तो कागद माझ्यापुढं ठेवला.

घरी आल्यावर मी कॅलेंडर नीट उघडून बसले. मागच्या आठवड्यात कॉल साडेबाराला, या आठवड्यात दीडला, पुढच्याही सगळ्या आठवड्यांत दीडला. निमंत्रण कुणी हलवलेलं नव्हतं. त्यावर टाइम झोन लिहिला होता: बर्लिन. मग शोधलं आणि कळलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ एक तास मागं घेतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढं. आपण हलवत नाही. निमंत्रण त्यांच्या सकाळच्या नऊला बांधलेलं होतं. त्यांचे नऊ नऊच राहिले, त्यामुळं आमचे साडेबाराचे दीड झाले. आमच्या अमेरिकेच्या ऑर्डरींचं काम बघणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला त्यांचे रविवार आणखी वेगळेच असतात. म्हणजे तिकडं घड्याळाचा काटा सरकतो आणि इकडं आमचा डबा थंड होतो!

खरं सांगायचं तर मी त्या दिवशी कॅलेंडर उघडून बघितलं असतं तर दीड दिसला असता. हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पण कॅलेंडर बघायचं नाही असा हुकूम ज्यानं भिंतीवर रंगवला, त्यानंच मला हलगर्जी म्हणावं? हे मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन गेले. कॅलेंडरमध्ये बर्लिनची वेळ दुसऱ्या रकान्यात लावून ठेवली होती. मागचा आठवडा, हा आठवडा, मागचा, हा, असं चारदा उलटून दाखवलं. त्यांच्या रकान्यात कॉल नऊवरच बसलेला, आपल्या रकान्यात मात्र एक तास खाली घसरलेला. साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडं वळवून घेतला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे यांनी वाटेल तेव्हा घड्याळ फिरवायचं आणि आपण नाचायचं? थांब.’’ त्यांनी स्वतःच्या कॅलेंडरमधला तो चौकोन माउसनं धरला, ओढून साडेबारावर नेला आणि म्हणाले, ‘‘झालं. सुटला प्रश्न.’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, हे फक्त तुमच्याकडं हललं. निमंत्रण त्यांचं आहे, मूळ वेळ तेच बदलू शकतात.’’ ते म्हणाले, ‘‘तू मला शिकवू नकोस.’’ पुढच्या मंगळवारी साहेब साडेबाराला टाय लावून एकटेच बसले. मी आणि मामा जेवून, हात धुवून, दीडला गेलो. साहेब तोवर खुर्चीत आंबले होते. कॉल सुरू झाला. त्याच आठवड्यात पेंटर आला आणि बोर्डावर साडेबारा खोडून दीड रंगवून गेला.

मला वाटलं, आता तरी तो कागद मागं घेतील. छे! कागद जागच्या जागी. उलट मॅडमनी पुन्हा बोलावलं. ‘‘बघ, साहेबांना पण पटलंय तुझं. फक्त फाइलला काहीतरी हवं ना. ग्राहकाची तक्रार आहे. कुणाच्या तरी नावावर दाखवावी लागते.’’

‘‘मग ज्यांच्या हुकमानं बोर्ड रंगला त्यांच्या नावावर दाखवा,’’ मी म्हटलं.

मॅडमनी तोच कागद पुन्हा माझ्यापुढं सरकवला. मी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच उभ्यानं लिहिलं: मी सव्वाबारा वाजल्यापासून हजर होते, एक साक्षीदार होता, बोर्डावरची वेळ साडेबारा होती, निमंत्रणाची वेळ घड्याळबदलामुळं दीड झाली, हे आम्हाला कुणीच आधी कळवलं नव्हतं. खाली सही केली. मागोमाग आलेल्या मामांनीही स्वतःहून सही ठोकली आणि म्हणाले, ‘‘पोरीच्या बाजूनं न्हाई, खऱ्याच्या बाजूनं हाय ही.’’ मला तिथंच रडू फुटलं असतं, पण नाही रडले.

पत्र आलं ते मुदतवाढीचं. पाच महिने.

घरी आई शेवंतीच्या जुड्या बांधत होती. ऐकलं आणि चिडलीच. ‘‘येक सही केली असती तर काय हात झिजला असता व्हय गं? मोठं लोक हायती ती.’’ आप्पा फुलांच्या ढिगामागूनच म्हणाले, ‘‘न केलेलं कबूल करायचं म्हंजी बरं न्हाई. राहू दे.’’ त्या रात्री मला नीट झोप लागली.

मी हिवाळाभर काम केलं, एकही कॉल चुकवला नाही. मार्चचा शेवटचा रविवार जवळ आला तसं मला कळत होतं की आता हे घसरलेलं परत वर चढणार. शुक्रवारी मी सगळ्यांना मेल टाकला, साहेबांना आणि मॅडमनाही: रविवारी जर्मनीत घड्याळ पुढं जाणार, मंगळवारचा कॉल पुन्हा साडेबाराला, कृपया बोर्ड बदलावा. शिवाय साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडानंही सांगितलं. ते फोनवर होते, हातानंच ‘बघू’ असं केलं.

मंगळवारी साडेबाराला मी आणि मामा कॉलवर बसलो. पलीकडं बाई, त्यांचे वरिष्ठ आणि आणखी दोघं. साहेब नाहीत. मी पार्ट दाखवले, मोजमापं वाचली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि एकाला ‘उद्या सांगते’ म्हटलं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं परवा घड्याळ बदललं, तुम्हाला त्रास तर झाला नाही ना? ऑक्टोबरात आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तो दोष आमचा.’’ मी एवढंच म्हटलं, ‘‘हे लिहून पाठवाल का?’’ त्यांनी पाठवलं, त्याच दुपारी, वरपर्यंत.

आणि दीड वाजता आमचे साहेब बोर्ड बघून, टाय नीट करत, मीटिंग रूममध्ये शिरले. आम्ही टेबल पुसत होतो.

तिसऱ्या दिवशी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. ‘‘मॅडम, साहेब मंगळवारी एक तास उशिरा आले. लेखी सूचना दिलेली असताना. त्यांचा खुलासा कधी घेताय?’’ शेजारच्या टेबलावरचे दोघं खाली मान घालून हसू दाबत होते. मॅडम म्हणाल्या, ‘‘तू जा आता, प्लीज.’’ मी गेले, पण सावकाश.

एप्रिलमध्ये कायम झाल्याचं पत्र आलं. मॅडम हसून म्हणाल्या, ‘‘अभिनंदन! साहेबांनीच शिफारस केली.’’ मी पत्र वाचलं. ‘एक एप्रिलपासून’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे मधले पाच महिने मी कुणीतरी चुकार पोरगी होते, आणि आता सुधारले म्हणून घेतलं!

पत्र परत टेबलावर ठेवलं. ‘‘तारीख चुकली आहे. मी नोव्हेंबरात कायम व्हायला हवं होतं. तेवढी दुरुस्त करा.’’

‘‘अगं, कशाला ओढून घेतेस? मिळालं ना?’’

‘‘मिळालं नाही. हिरावलेलं अर्धंच परत देताय.’’

मग तीन आठवडे नवं पत्र आलं नाही. साहेब समोरून जाताना भिंतीकडं बघायचे. मामा रोज विचारायचे, ‘‘आलं का गं?’’ आणि मी रोज नाही म्हणायचे. मला भीती वाटत नव्हती असं नाही. मे महिन्यात नोकरी शोधत कुठं हिंडायचं, याचा हिशोब मी मनात रोज करत होते. पण एप्रिलच्या त्या पत्रावर सही केली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम स्वतः फ्लोअरवर आल्या, मशिनच्या आवाजात लिफाफा हातात दिला आणि उभ्या राहिल्या. मी हातमोजे काढले, पत्र उघडलं, आधी तारीख बघितली. नोव्हेंबर होता. सगळं पत्र मी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं, त्यांना उभं ठेवून. मग पेन मागितलं.